फोटोंच्या पाठीवरचे भाषण : एका विवाहपूर्व संध्याकाळचा प्रकरण अभ्यास

डिसेंबर २०२३ मध्ये साताऱ्यातील एका मंगल कार्यालयात सीमंतपूजनानंतरच्या संध्याकाळी दोन्ही घरांचा मिळून एक छोटा कार्यक्रम ठरला होता. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता आणि त्या संध्याकाळी साधारण १४० माणसे अपेक्षित होती. कार्यक्रमपत्रिका वधूच्या भावंडांनी तयार केली होती आणि तीत तिसऱ्या क्रमांकावर ‘स्लाइड शो’, तर चौथ्या क्रमांकावर ‘टोस्ट : मामा’ असे लिहिले होते. मामांचे वय बासष्ट, नोकरी जलसिंचन खात्यात झालेली, भाषणाचा सराव निरोप समारंभांपुरता. टोस्ट म्हणजे नेमके काय करायचे, असे त्यांनी भाच्यांना विचारले तेव्हा ‘फोटो दाखवून झाले की तुम्ही फोटोंबद्दल छान बोलायचे आणि शेवटी सगळ्यांनी पन्ह्याचे पेले उंचवायचे’ असे उत्तर मिळाले. मी लग्नकार्यांत निवेदन करते आणि अशा भाषणांचे लेखनसाहाय्यही करते, त्यामुळे कार्यक्रमाच्या बारा दिवस आधी मामा आपला मसुदा घेऊन माझ्याकडे आले. पुढील वृत्तान्त संबंधित कुटुंबांच्या संमतीने, नावे वगळून लिहिला आहे.

पहिला मसुदा

मामांनी भावंडांकडून तयार स्लाइड शो मागवून घेतला होता आणि प्रत्येक फोटोखालच्या ओळीला जोडून दोन-तीन वाक्ये लिहिली होती. फोटो ५८ होते आणि प्रत्येक फोटो सहा सेकंद पडद्यावर राहणार होता, म्हणजे संपूर्ण चित्रमालिका पावणेसहा मिनिटांहून किंचित अधिक चालणार होती. मामांचा मजकूर मात्र सुमारे १३५० शब्दांचा झाला होता. तो मी त्यांच्याकडून नेहमीच्या गतीने मोठ्याने वाचून घेतला, तेव्हा अकरा मिनिटे उलटून गेली. फोटो पुढे पळणार आणि मामा मागे राहणार हे त्याच वेळी स्पष्ट झाले, परंतु लांबी हा त्या मसुद्यातील लहान दोष होता.

मोठा दोष असा की, भाषण पडद्यावर दिसणारी गोष्टच पुन्हा सांगत होते. बोरन्हाणाच्या फोटोखाली भावंडांनी ‘बोरन्हाण’ असे लिहिले होते, आणि मामा म्हणणार होते, ‘हे बोरन्हाण, बघा काळ्या झबल्यात हलव्याचे दागिने घालून कशी बसली आहे.’ सभागृहातील माणूस फोटो पाहतो, खालची ओळ वाचतो आणि मग तेच तिसऱ्यांदा ऐकतो. त्यातही वाचणे आणि ऐकणे एकाच वेळी नीट जमत नसल्यामुळे तो पडद्याकडे पाहत राहतो आणि बोलणारा माणूस नुसता आवाज होऊन जातो. माझ्या अनुभवात चित्रमालिकेवर बोललेली भाषणे पडतात ती बहुतेक याच कारणाने, आणि बोलणारा मात्र घरी जाऊन माइकला दोष देतो.

मसुद्याच्या आरंभी टोस्ट आणि चहा यांवर एक विनोद होता. तो सर्वप्रथम काढला, कारण ज्या ज्या कार्यक्रमात हा शब्द छापलेला असतो तिथे तो विनोद आधीच कुणीतरी जेवणाच्या रांगेत केलेला असतो.

तारखांची तपासणी

भाषण लिहिण्यापूर्वी फोटोंखालच्या ओळी तपासणे आवश्यक होते, कारण त्या वधूच्या पिढीतील भावंडांनी लिहिल्या होत्या आणि जुन्या प्रसंगी ती एकतर जन्मलेली नव्हती किंवा पाळण्यात होती. दोन चुका सापडल्या आणि दोन्हींचे मूळ यंत्रात होते.

उष्टावणाच्या फोटोखाली ‘१ जानेवारी १९९४’ असे लिहिले होते. वधूचा जन्म नोव्हेंबर १९९५ चा आहे. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत `'94 1 1` असे उमटलेले होते आणि भावंडांनी ते प्रामाणिकपणे उतरवून घेतले होते. रोलच्या कॅमेऱ्यात तारीख छापणारे घड्याळ लहानशा बॅटरीवर चालत असे, आणि ती बॅटरी संपून नवी घातली की तारीख पुन्हा लावावी लागे. न लावल्यास घड्याळ कारखान्यातून निघताना ठेवलेल्या तारखेपासून मोजू लागे. म्हणूनच जुन्या अल्बममध्ये १ जानेवारीचा शिक्का दिसला की आधी मुलाचे वय पाहावे. उष्टावण सातव्या महिन्यात झाले होते, त्यावरून फोटो १९९६ च्या उन्हाळ्याअखेरचा ठरला.

दुसऱ्या फोटोत वधू स्वयंपाकघरातील टेबलावर उघड्या पुस्तकावर डोके ठेवून झोपलेली दिसते. त्याखाली ‘अभियांत्रिकीची परीक्षा, जून २०१५’ असे होते आणि त्याला आधार होता फाइलच्या `IMG-20150614-WA0012` या नावाचा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलच्या नावातील तारीख ही फोटो त्या मोबाइलवर पोहोचल्याची असते, काढल्याची नव्हे, आणि काढल्याची मूळ नोंद पाठवताना गळून जाते. खरे उत्तर फोटोतच होते. मागच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान मार्च २०१३ चे होते, म्हणजे ती बारावीची परीक्षा. वडिलांनी तो फोटो दोन वर्षांनी कुटुंबाच्या गटावर टाकला होता.

अशा चुका किरकोळ वाटतात, पण त्या सभागृहात आई, आजी, आत्या अशा पाच-सहा बायका तरी बसलेल्या असतात ज्यांना खरी तारीख पाठ आहे. चुकीची तारीख दिसताच त्या एकमेकींशी कुजबुजू लागतात आणि पुढची दोन मिनिटे त्या रांगा भाषणाला मुकतात.

पाठीवरचा मजकूर

उष्टावणाची तारीख पक्की करण्यासाठी मामांना मूळ फोटो आणायला सांगितले, आणि तिथे या कामाला वळण मिळाले. वधूच्या आजोळच्या अल्बममधले २३ फोटो मालिकेत होते. भावंडांनी ते अल्बममध्ये असतानाच मोबाइलने टिपले होते, त्यामुळे त्यांची पाठ कुणी पाहिली नव्हती. मामांनी फोटो प्लास्टिकच्या खिशांतून बाहेर काढले तेव्हा प्रत्येकाच्या मागे निळ्या बॉलपेनने, वधूच्या आजीच्या, म्हणजे मामांच्या आईच्या अक्षरात दोन-तीन ओळी लिहिलेल्या आढळल्या. आजी आयुष्यभर घरखर्चाची वही लिहीत आल्या आहेत आणि त्यांच्या ओळींनाही तेच वळण होते. उष्टावणाच्या फोटोमागे लिहिले होते :

‘उष्टावण. मामाने भरवले. दोन घास घेतले. तिसरा मामाच्या शर्टावर.’

महाबळेश्वरच्या फोटोमागे :

‘वेण्णा लेक. बोट अर्धा तास. घोडा नको म्हणाली. परत येताना घोडा हवा म्हणून स्टँडपर्यंत रडली.’

फोटोत बोटीत बसलेली, कपाळावर केस आलेली पाच वर्षांची मुलगी हसते आहे. रडणे पाठीवर आहे. या एका विसंगतीने भाषणाचा आराखडा ठरवला. समोरच्या बाजूला प्रसंग आहे, पाठीवर प्रसंगाची नोंद आहे, आणि या दोन्हींत नसलेले असे काहीतरी मामांना आठवत असणार. भाषणात फक्त हे तिसरे सांगायचे. मामांना मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते : फोटो काढून झाल्यावर, पुढच्या अर्ध्या तासात काय झाले? वेण्णा लेकच्या बाबतीत उत्तर तत्काळ आले. घोडेवाले निघून गेले होते, त्यामुळे मामांनी तिला खांद्यावर बसवून बस स्थानकापर्यंत आणले आणि वाटेत तिने त्यांच्या दोन्ही कानांचे लगाम केले. हे कुठल्याही फोटोत नाही आणि आजींच्या नोंदीतही नाही, कारण आजी आणि आजोबा पुढे बस पकडायला गेले होते.

त्यानुसार मांडणी अशी ठरली की स्लाइड शो संपूर्ण, संगीतासह आणि भाषणाविना चालेल. त्यानंतर पडदा काळा होईल आणि मामा बोलू लागतील. भाषणात एकही फोटो पुन्हा दाखवायचा नाही, फक्त चार फोटोंच्या पाठी दाखवायच्या. पाहुण्यांनी समोरची बाजू नुकतीच पाहिलेली असल्यामुळे चेहरे त्यांच्या लक्षात असतील आणि अक्षर वाचताना ते स्वतःच दोन्ही जोडून घेतील.

आजींची परवानगी घेणे हा निव्वळ उपचार नव्हता. त्यांनी २३ पाठी एकेक करून वाचून पाहिल्या आणि एक बाजूला काढली, कारण तिच्यावर रोल धुण्याचे पैसे कुणाकडून उसने घेतले ते लिहिले होते. उरलेल्यांना त्यांची हरकत नव्हती. फक्त आपले अक्षर पूर्वी अधिक चांगले होते, हे निवेदकाने सांगावे, अशी त्यांची अट होती, आणि ती पाळण्यात आली.

‘नको’ या शब्दाचा प्रश्न

वेण्णा लेकच्या ओळीवर मामांनी जावयाला उद्देशून एक वाक्य लिहिले होते : ‘जावईबापू, ही नको म्हणाली की अर्ध्या तासाने पुन्हा विचारा, उत्तर हो असेल.’ वाक्य हसवणारे होते आणि ते सभागृहात चालले असते. मामांच्या धाकट्या मुलीने मात्र हरकत घेतली की, लग्नाच्या आदल्या रात्री नवऱ्याला ‘तिचे नको खरे नसते’ असे सगळ्यांसमोर सांगणे बरे नाही. मामा थोडे दुखावले, कारण त्यांच्या मनात तसे काही नव्हते. तरी हरकत रास्त होती, आणि गंमत म्हणजे ती मान्य केल्यावर वाक्य सुधारले. अंतिम रूप असे झाले : ‘तिचे मत ती स्वतः बदलते. तोवर तिला घोड्यावर कुणी बसवू नये. मी बसवले नाही, म्हणून मलाच घोडा व्हावे लागले.’ विनोदाचे ओझे मुलीवरून उचलून मामांनी स्वतःवर घेतले आणि ते अक्षरशः तसेच घडलेलेही होते.

सात फोटो

स्लाइड शोमधील ५८ फोटोंपैकी ५१ वधूचे होते आणि वराचे अवघे सात, तेही सगळे २००६ नंतरचे. भावंडांनी हे ‘त्यांनी पाठवलेच नाहीत’ असे समजून सोडून दिले होते. वराचे कुटुंब कल्याणचे, आणि २००५ मध्ये ते तळमजल्यावर राहत होते. २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो आकडा सर्वांना ठाऊक असतो. उल्हास नदीकाठच्या वस्त्यांत त्या रात्री काय झाले ते तिथल्या लोकांना अधिक ठाऊक आहे. अल्बम दिवाणाच्या पोटात होते. फोटोच्या कागदावरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगतो आणि फोटो तसेच एकमेकांवर सुकले की ते एकमेकांना चिकटून बसतात. ते ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटे केले तर पुष्कळदा वाचतात, परंतु घरात चिखल असताना फोटोंकडे कोण पाहणार? महिन्याभराने त्यांनी अल्बम उघडला तेव्हा पाने ओढताच चेहरे सोलून निघाले.

हे मला वराच्या आईंनी दूरध्वनीवर सांगितले, आणि लगेच बजावलेही, ‘आमचे भिजले ते भिजले. लग्नात त्याचे रडगाणे नको.’ म्हणून भाषणात पुराचा उल्लेख करायचा नाही हे पक्के झाले. तरीही प्रश्न उरलाच होता. मालिकेच्या पावणेसहा मिनिटांपैकी पाच मिनिटे वराकडची मंडळी परक्या घरातली मुलगी मोठी होताना पाहणार होती, आणि त्यानंतर उभा राहणारा वक्ताही त्याच मुलीचा मामा. अशा भाषणाला कितीही जिव्हाळा असला तरी निम्मे सभागृह त्याच्या बाहेर राहते.

वराच्या आईंना मी विचारले की, त्या अल्बममधला एखादा फोटो त्यांना डोळे मिटून दिसतो का. त्या म्हणाल्या, तीन दिसतात. आजींच्या पाठींचे नमुने मी त्यांना पाठवले आणि विनंती केली की, त्या तिन्हींच्या मागे जे लिहिले असते ते त्याच मापाच्या कोऱ्या पांढऱ्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिहावे. तीन कार्डे कुरियरने आली. त्यांपैकी एक घेतले :

‘कल्याण, जून २०००. शाळेचा पहिला दिवस. रिक्षावाल्या काकांचे बोट सोडेना. काकाच वर्गात बसले. फोटो होता.’

शेवटचे दोन शब्द मी सुचवलेले नव्हते.

तांत्रिक बाजू

पाठी स्कॅन करताना ३०० डीपीआय पुरेसे ठरले. चार बाय सहा इंची फोटोची त्यातून १८०० बाय १२०० पिक्सेलची प्रतिमा मिळते आणि सभागृहातल्या साध्या प्रोजेक्टरला त्याहून अधिक लागत नाही. फिकट शाई गडद करून, चौकट अक्षरापुरतीच कापून घेतली, कारण आजींनी पाठीच्या एका कोपऱ्यात लहान अक्षरांत लिहिले होते. हस्ताक्षर ही प्रतिमाच असल्यामुळे फॉन्टचा प्रश्न आला नाही. भावंडांच्या टंकलिखित ओळी मात्र कार्यालयाच्या लॅपटॉपवर जुळून येईनात, तेव्हा त्या स्लाइडही चित्ररूपात साठवून घ्याव्या लागल्या.

रंगीत तालमीत एक चूक उघड झाली आणि ती तिथे झाली हे सुदैव. पाठींच्या चार स्लाइड मालिकेच्याच फाइलमध्ये शेवटी जोडल्या होत्या, त्यामुळे त्यांनाही सहा सेकंदांची वेळ लागू झाली होती. मामा दुसरे वाक्य उच्चारत असतानाच पडद्यावर तिसरी पाठ आली. पॉवरपॉइंटच्या `Transitions` या पट्टीतील `After` ची खूण त्या चार स्लाइडांपुरती काढून `On Mouse Click` ठेवल्यावर हे थांबले. दोन पाठींच्या मधल्या काळात पडदा काळा करण्यासाठी कळफलकावरची `B` ही कळ वापरायची, म्हणजे मामा बोलत असताना वाचायला काहीच नसेल. ती दाबण्याचे काम मामांच्या मुलीकडे दिले आणि छापील भाषणात तिच्यासाठी लाल पेनाने चार खुणा केल्या.

संध्याकाळ

भाषण अखेरीस ४३० शब्दांचे राहिले आणि हशा धरून पावणेपाच मिनिटे चालले. पहिली पाठ आली तेव्हा मामा म्हणाले, ‘हा शर्ट माझ्या पहिल्या पगाराचा होता. डाग गेला नाही. मी तो पुढे तीन वर्षे कार्यालयात घातला आणि कुणी विचारले की सांगायचो, भाचीचे उष्टे आहे.’ वेण्णा लेकची ओळ वर दिली आहे. तिसरी नोंद आजोळची नव्हती. झोपलेल्या मुलीचा तो फोटो गटावर टाकताना वडिलांनी लिहिलेला संदेश होता : ‘चारला उठव म्हणाली होती. उठवले नाही. ओरडली.’ मामांनी त्यात न लिहिलेले सांगितले की, दाजी त्या रात्री चारपासून सहापर्यंत गॅसजवळच्या स्टुलावर बसून होते, उठवावे की नाही हे त्यांचे ठरत नव्हते. वडील पहिल्या रांगेत होते आणि त्यांनी या माहितीचा इन्कार केला, तेव्हा वधूच्या आईने मागून ‘खरे आहे’ असे मोठ्याने सांगितले.

चौथ्या कार्डाच्या वेळी पडदा थोडा अधिक वेळ उजळलेला ठेवला. मामांनी ते वाचून दाखवले नाही, लोकांना वाचू दिले. मग ते म्हणाले, ‘ही पाठ विहीणबाईंच्या हातची आहे. समोरची बाजू त्यांच्याकडे आहे, ती आपण त्यांना एकेक करून विचारू, आता घरचेच झालो. जावईबापू, तुम्ही बोट लवकर सोडत नाही असे यात लेखी आहे. आम्हाला तेवढे पुरे. सर्वांनी पेले उचला.’ कल्याणकडच्या रांगांत काही क्षण शांतता होती, मग वराचे काका सर्वांआधी पेला घेऊन उभे राहिले.

दोन गोष्टी साधल्या नाहीत. तिसरी नोंद मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र असल्यामुळे तिची अक्षरे मागच्या चार रांगांना वाचता आली नाहीत, आणि मामांनी ती वाचून दाखवायची हे आधी ठरवलेले नसल्यामुळे ते अडखळले. ती ओळ कुणाच्या तरी हातून कागदावर लिहून घेऊन मग स्कॅन करायला हवी होती. दुसरी बाब वधूच्या आत्याची. चारांपैकी दोन नोंदी आजोळच्या आणि वक्ताही आजोळचा, तेव्हा वडिलांकडच्या घराला एकाच ओळीवर भागवले, असे त्यांनी जेवताना मला सांगितले. त्यांच्याकडे बोरन्हाणाच्या फोटोची दुसरी प्रत होती आणि तिच्यामागेही काहीतरी लिहिलेले होते. ते मी विचारलेच नव्हते.